मोहरीचा झणका आणि जनुकांच्या जादा प्रती

लोणच्यासाठी मोहरी फेसली की ती नाकात जाते. तीच मोहरी फोडणीत टाकली तर तडतडते, खमंग लागते, पण डोळ्यांत पाणी आणत नाही. मोहरीच्या दाण्यात झणझणीत असं काही तयार नसतंच. ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगं एका जागी आणि मायरोसिनेज हे एन्झाइम दुसऱ्या जागी, अशी वेगवेगळी साठवण असते. दाणा भरडून ओला केला की दोन्ही एकत्र येतात आणि मग तो झणझणीत पदार्थ तयार होतो. फोडणीच्या गरम तेलात एन्झाइम आधीच निकामी होतं, म्हणून झणका उठत नाही. मोहरीच्या झाडाने ही व्यवस्था अर्थातच आपल्या लोणच्यासाठी केलेली नाही. पान कुरतडणाऱ्या अळीच्या तोंडातही नेमकं हेच मिश्रण होतं.

दिल्लीत मोहरी हा मसाल्यापेक्षा तेलाचा विषय आहे. तिथला बराचसा स्वयंपाक सरसोंच्या तेलात होतो, आणि राजधानीभोवतीच्या हरियाणा-राजस्थानच्या पट्ट्यात हिवाळ्यात मैलोन्‌मैल पिवळं शेत दिसतं. या पिकाचं आनुवंशिकशास्त्र ज्या संस्थांनी खोलात जाऊन अभ्यासलं त्याही दिल्लीतच आहेत: दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरातला दीपक पेंटल यांचा गट, जेएनयूशेजारची राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्था, आणि पुसाची कृषी संशोधन संस्था. जीनोम संस्थेत नवीन बिष्ट यांच्या प्रयोगशाळेने अनेक वर्षं एकच प्रश्न धरून ठेवला. मोहरीच्या दाण्यातली ग्लुकोसिनोलेट कमी कशी करायची? कारण तेल काढल्यावर उरणारी पेंड प्रथिनांनी भरलेली असली, तरी ग्लुकोसिनोलेटमुळे कोंबड्यांना आणि डुकरांना ती फारशी घालता येत नाही. जनावरांच्या थायरॉइड ग्रंथीवर परिणाम होतो. कॅनोला दर्जाची पेंड म्हणजे ग्रॅममागे ३० मायक्रोमोलहून कमी ग्लुकोसिनोलेट, आणि आपल्या नेहमीच्या वाणांमध्ये हे प्रमाण शंभरच्या वर जातं.

काम सोपं वाटतं: ग्लुकोसिनोलेट बनवणारं जनुक शोधा आणि बंद करा. अडचण अशी की मोहरीत कुठलंही जनुक सहसा एकटं सापडत नाही. त्याच्या प्रती असतात. कुठे दोन, कुठे चार, कुठे सहा. या प्रती कुठून आल्या आणि आता त्या काय करतात, हे कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही.

सुरुवात खूप मागून करावी लागेल. प्रत्येक वनस्पतीला ल्युसीन हे अमिनो आम्ल स्वतः बनवावं लागतं. त्या साखळीतल्या एका पायरीवर आयपीएमएस नावाचं एन्झाइम काम करतं. ते एका लहानशा आम्लाला दोन कार्बनचा तुकडा जोडतं, पुढच्या पायऱ्यांत एक कार्बन गळून जातो, आणि एकंदरीत रेणूची साखळी एका कार्बनने लांब होते. या एन्झाइमच्या शेपटाला एक नियामक भाग असतो. पेशीत ल्युसीन पुरेसं झालं की ते या भागाला चिकटतं आणि एन्झाइम मंदावतं. मोहरीच्या कुळाच्या पूर्वजात कधीतरी या जनुकाची जादा प्रत तयार झाली.

अशा प्रती होण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. प्रजननपेशी बनताना जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. ती करताना जरा सरकून जुळली, तर एका गुणसूत्रावर जनुक दोनदा येतं आणि दुसऱ्यावरून नाहीसं होतं. हा किरकोळ मार्ग. घाऊक मार्गात गुणसूत्रांचा अख्खा संचच दुप्पट किंवा तिप्पट होतो. वनस्पतींना तो प्राण्यांपेक्षा पुष्कळच सहज पचतो.

प्रत झाली की मूळ काम सांभाळायला एक जनुक पुरेसं असतं, त्यामुळे दुसऱ्याला बिघडण्याची मोकळीक मिळते. जपानी वंशाचे शास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी १९७० साली पुस्तकभर हाच मुद्दा मांडला. एकट्या जनुकात मोठा बदल झाला तर जीव मरतो, म्हणून निवड त्याला जागचं हलू देत नाही. जादा प्रत मात्र भटकू शकते. बहुतेक प्रती भटकत भटकत निकामी होतात, आणि क्वचित एखादी नव्या कामाला लागते.

आयपीएमएसच्या जादा प्रतीचं नशीब असं क्वचितातलं. तिच्या शेपटाचा नियामक भाग, सुमारे १२० अमिनो आम्लांचा, तुटून गेला, त्यामुळे ल्युसीनचा लगाम सुटला. एन्झाइमच्या कामाच्या खळगीतली मोजकी अमिनो आम्लं बदलली, त्यामुळे मेथिओनिनपासून बनलेले मोठे रेणू तिथे बसू लागले. एन्झाइम करतं तेच, साखळी लांबवतं. फक्त कच्चा माल वेगळा झाला. या नव्या एन्झाइमला मॅम म्हणतात, आणि ग्लुकोसिनोलेटच्या निर्मितीतली एक कळीची पायरी तेच चढतं. २०११ साली अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपाच्या आयपीएमएसवर हे बदल मुद्दाम करून पाहण्यात आले. शेपूट कापलं, खळगीतली दोन अमिनो आम्लं बदलली, आणि ल्युसीनचं एन्झाइम मॅमसारखं वागू लागलं. उत्क्रांतीची वाट प्रयोगशाळेत इतकी स्वच्छ चालून दाखवता येते, अशी उदाहरणं थोडीच आहेत. २०१९ मध्ये दिल्लीच्या जीनोम संस्थेने सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठातील सहकाऱ्यांबरोबर मोहरीच्या मॅमची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा ती खळगी प्रत्यक्षच दिसली. मूळ आयपीएमएस अजूनही आपल्या जागी ल्युसीन बनवतंच आहे.

एकाच पूर्वज जनुकाची प्रत होऊन वेगळी झालेली अशी दोन जनुकं म्हणजे पॅरालॉग. प्रत होऊन नव्हे, तर जाती फुटल्यामुळे वेगळी झालेली जनुकं म्हणजे ऑर्थोलॉग. उदाहरणार्थ, अराबिडॉप्सिसचं आयपीएमएस आणि मोहरीचं आयपीएमएस. हा भेद वॉल्टर फिच यांनी १९७० मध्येच केला. त्यात जनुकाचं काम काय, याचा उल्लेख कुठेही नाही. विचारलं आहे ते इतकंच की शेवटचा फाटा कशामुळे फुटला. ही गोष्ट विसरून 'ऑर्थोलॉग म्हणजे तेच काम करणारं जनुक' असं सर्रास लिहिलं जातं. बहुतेक वेळा ते खरं निघतं, म्हणूनच ही समजूत टिकून राहिली आहे.

मोहरीत हा हिशेब गुंतागुंतीचा होतो. अराबिडॉप्सिस आणि मोहरी यांच्या वाटा वेगळ्या झाल्यावर, मोहरीच्या बाजूच्या पूर्वजात अख्खा जीनोम तिप्पट झाला. ही दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. अराबिडॉप्सिसच्या एका जनुकासमोर आता तीन उभी राहिली. ती तिन्ही एकमेकांची पॅरालॉग आहेत आणि अराबिडॉप्सिसच्या त्या एका जनुकाची तिन्ही ऑर्थोलॉग. मग या पूर्वजापासून वेगवेगळ्या जाती निघाल्या. त्यातली एक ब्रासिका रापा, म्हणजे तोरिया आणि सलगमची जात. तिच्या संचाला ए म्हणतात आणि त्यात १० गुणसूत्रं असतात. दुसरी ब्रासिका नायग्रा, संच बी, गुणसूत्रं ८. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली ज्या एकाच जातीचे अवतार आहेत ती ब्रासिका ओलेरेशिया, संच सी, गुणसूत्रं ९. आपली मोहरी, ब्रासिका जुन्सिया, ही पहिल्या दोघींच्या संकरातून आली आणि दोघींचे पूर्ण संच तिने ठेवले. दहा अधिक आठ म्हणजे अठरा, आणि जोडीने छत्तीस. नागाहारू उ या कोरियन वंशाच्या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये गुणसूत्रं मोजून हे नातं सिद्ध केलं, तेव्हा डीएनए म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं.

आता मोहरीच्या एका पेशीत ए संचातलं एक जनुक आणि बी संचातलं त्याच्याच जागेचं जनुक शेजारी शेजारी आहेत. ती कोण? त्यांचा फाटा रापा आणि नायग्रा या जाती वेगळ्या झाल्या तेव्हा फुटला, म्हणून फिचच्या नियमाने ती ऑर्थोलॉग. पण ऑर्थोलॉग दोन जातींत शोधायचे असतात, आणि ही तर एकाच केंद्रकात आहेत. वेगळं होऊन परमुलखात गेलेल्या भावांचे वंशज कित्येक पिढ्यांनी पुन्हा एकाच वाड्यात राहायला यावेत, तशी त्यांची गत आहे. अशा जोडीला होमिओलॉग असं स्वतंत्र नाव आहे. मोहरीत काम करणाऱ्याला म्हणूनच प्रत्येक प्रतीबद्दल दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: ती तिप्पटीकरणातल्या कुठल्या शाखेची आणि ए की बी संचातली. नुसतं अक्षरांचं साम्य पाहून हे ठरवणं धोक्याचं, कारण एखादी प्रत भराभर बदललेली असू शकते. भरवशाची खूण शेजाऱ्यांची असते. अराबिडॉप्सिसमध्ये त्या जनुकाच्या डावी-उजवीकडे जी जनुकं ज्या क्रमाने आहेत, तोच क्रम मोहरीच्या कुठल्या गुणसूत्रावर टिकला आहे, हे पाहतात.

सरळ गुणाकार केला तर अराबिडॉप्सिसच्या एका जनुकासाठी मोहरीत सहा असायला हवीत. प्रत्यक्षात तशी क्वचितच असतात. अराबिडॉप्सिसमध्ये साधारण २७ हजार जनुकं आहेत, तिप्पट म्हणजे ८० हजारांच्या पुढे. २०११ मध्ये ब्रासिका रापाचा जीनोम वाचला गेला तेव्हा सापडली सुमारे ४१ हजार. निम्म्या प्रती गळून गेल्या होत्या, आणि जी गेली ती सगळ्या शाखांतून सारखी गेली नव्हती. एका शाखेने जास्त राखून ठेवली, दोघींनी जास्त गमावली.

गळतीची प्रक्रिया पाहण्यासाठी ब्रोकोली सोयीची आहे. ग्लुकोसिनोलेटच्या साखळीत शेवटाकडे एओपी२ नावाचं एन्झाइम येतं. ते ग्लुकोराफॅनिन या पदार्थाचं रूपांतर झणझणीत जातकुळीच्या ग्लुकोनॅपिनमध्ये करतं. ब्रासिका रापात एओपी२च्या तीन चालू प्रती आहेत. कोबीच्या जातीतही प्रती तीनच, पण २०१४ मध्ये तिचा जीनोम वाचला तेव्हा त्यातल्या दोन बिघडलेल्या निघाल्या. त्यांच्यापासून चालू एन्झाइम बनत नाही, म्हणून ग्लुकोराफॅनिन पुढे सरकत नाही आणि साठून राहतं. दिल्लीच्या भाजीबाजारात ब्रोकोली महाग विकली जाते तिच्या आरोग्यदायी ख्यातीमागे हेच ग्लुकोराफॅनिन आहे.

अशा बिघडलेल्या प्रतीला स्यूडोजीन किंवा मिथ्याजनुक म्हणतात. ती ओळखायची कशी? जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचला जातो. मध्येच एखादं अक्षर गळलं किंवा घुसलं की पुढचे सगळे गट सरकतात, आणि थोड्याच अंतरावर 'थांब' हा गट अवेळी येतो. प्रथिन अर्धवटच राहतं. ही ढोबळ खूण. बारीक खूण संथ बदलांतून दिसते. काही अक्षरबदल असे असतात की अमिनो आम्ल तेच राहतं, आणि काही बदल अमिनो आम्लच पालटतात. चालू जनुकात दुसऱ्या प्रकारचे बदल निवडीकडून छाटले जातात, त्यामुळे ते कमी दिसतात. सोडून दिलेल्या प्रतीत मात्र दोन्ही प्रकार सारख्याच गतीने साठत जातात. दुसऱ्या प्रकाराच्या गतीचं पहिल्याशी असलेलं प्रमाण एकाच्या जवळ आलं की प्रतीवरचं निवडीचं लक्ष उडालं, असा संशय घ्यायचा. संशयच, कारण नुकतीच मुक्त झालेली आणि नवं काम शिकू लागलेली प्रतही काही काळ तशीच दिसते. आणि कधी मजकूर अगदी शाबूत असतो, पण जनुक चालू करणारा समोरचा भाग गेलेला असतो. त्यासाठी आरएनए मोजून ते खरंच बोलतं का, हे पाहावं लागतं.

कोबीच्या जातीने जे आपोआप केलं ते मोहरीत हाताने करता येईल का, हे बिष्ट यांच्या गटाने पाहिलं. एओपी२च्या कुटुंबाचा आवाज आरएनए हस्तक्षेपाने दाबला, आणि २०१५ मध्ये ग्लुकोराफॅनिन साठवणारी मोहरी दाखवून दिली.

पण पेंडीचा प्रश्न त्याने सुटत नाही. तिथे एकूण ग्लुकोसिनोलेट कमी व्हायला हवीत. त्यासाठी आधी मिब२८ या जनुकाकडे लक्ष गेलं होतं. ते साखळीतल्या अनेक जनुकांना चालू करणारं मुख्य नियंत्रक आहे. अराबिडॉप्सिसमध्ये ते एक. मोहरीत हिशेबाने सहा, आणि २०१३ साली त्याच गटाला चार मिळाली. मला या सगळ्या गोष्टीत ही चार जनुकं सर्वांत बोलकी वाटतात. एकही निकामी झालेलं नाही. मिब२८ नसलेल्या अराबिडॉप्सिसच्या रोपात घातली तर ती तिथलं काम सावरतात, म्हणजे प्रथिनाचा मूळ गुण शाबूत आहे. फरक पडला आहे तो वेळापत्रकात. कुठली प्रत कुठल्या अवयवात, वाढीच्या कुठल्या टप्प्यावर आणि किती प्रमाणात चालू होते, हे चौघींत वेगळं आहे.

ओहनोंच्या चित्रात प्रतीला दोनच वाटा होत्या, नवं काम किंवा नाश. १९९९ मध्ये अ‍ॅलन फोर्स, मायकेल लिंच आणि सहकाऱ्यांनी तिसरी मांडली. जनुकाला चालू करणारी बटणं अनेक असतात; एक पानासाठी, एक शेंगेसाठी, एक जखम झाल्यावर. प्रत झाल्यावर पहिल्या जनुकाचं पानाचं बटण बिघडलं आणि दुसऱ्याचं शेंगेचं, तर जुनं सगळं काम करायला आता दोघांचीही गरज लागते. कुणी काही नवीन शिकलेलं नाही. दोघं बिघडले, म्हणूनच दोघं टिकले. प्रती इतक्या संख्येने का टिकतात, याचं हे उत्तर मला ओहनोंच्या उत्तरापेक्षा जास्त पटतं, कारण त्याला दुर्मीळ अशा उपयुक्त बदलाची वाट पाहावी लागत नाही. रोजची मोडतोड पुरते.

मिब२८ दाबल्यावर मोहरीच्या दाण्यातली ग्लुकोसिनोलेट बरीच उतरली. पारंपरिक पैदाशीनेही हे साधलं आहे, पुसाचं कमी ग्लुकोसिनोलेटचं वाण आज उपलब्ध आहे. पण निर्मितीच बंद केली की दाण्याबरोबर पानंही सौम्य होतात, आणि मग कीड-रोगांना ते पान गोड लागतं. हवं होतं ते असं झाड, ज्याच्या पानात झणका भरपूर आणि दाण्यात जवळपास नाही.

त्याचा सुगावा २०१२ मध्ये डेन्मार्कमधून लागला. दाणा ग्लुकोसिनोलेट बाहेरून मागवतो. झाडाच्या इतर भागांत ती बनतात आणि जीटीआर१ व जीटीआर२ ही दोन वाहक प्रथिनं ती दाण्याकडे पोचवतात. अराबिडॉप्सिसमध्ये दोन्ही जनुकं बंद केली तर दाण्यात ती जवळजवळ पोचतच नाहीत. ही दोन जनुकं स्वतःही एका जुन्या प्रतीकरणातून आलेली पॅरालॉग आहेत. मोहरीत त्यांचा गुणाकार पूर्णच्या पूर्ण टिकला आहे: जीटीआर१च्या सहा आणि जीटीआर२च्या सहा, एकूण बारा. सगळ्या प्रती सारख्या महत्त्वाच्या नाहीत. २०१७ मध्ये डॅनिश गटाने रसायनाने उत्परिवर्तन घडवून बारापैकी चार मोडल्या, तेव्हाच दाण्यातलं प्रमाण ६० ते ७० टक्के उतरलं. पण शंभराच्या वरून ३०च्या खाली यायला तेवढं पुरत नाही.

२०२३ मध्ये बिष्ट, पेंटल आणि सहकाऱ्यांनी वरुणा या वाणात क्रिस्पर वापरलं. इथे प्रतींमधलं साम्य, जे आतापर्यंत अडचण होतं, ते कामाला आलं. क्रिस्परला वीस अक्षरांचा पत्ता द्यावा लागतो. तो पत्ता सगळ्या पॅरालॉगांत न बदललेल्या भागातून निवडला, तर एकच पत्ता अनेक प्रतींवर नेतो. बारापैकी दहा प्रतींवर असे घाव घातले. कापलेलं टोक जोडताना पेशी एखादं अक्षर गाळते किंवा जादा घालते, वाचन सरकतं आणि 'थांब' अवेळी येतो. म्हणजे निसर्गाला मिथ्याजनुक करायला जी पायरी लाखो वर्षांत योगायोगाने लागते, ती दहा ठिकाणी मुद्दाम घातली. निवडलेल्या ओळींमध्ये दाण्यातली ग्लुकोसिनोलेट खाली आली, पानातली वाढली, आणि खोडकुज आणणाऱ्या बुरशीला व पानं खाणाऱ्या अळीला झाड पूर्वीइतकंच तोंड देत राहिलं.

या झाडाचा गुण दुसऱ्या वाणात न्यायचा झाला तर मात्र प्रतींची संख्या पुन्हा आडवी येते. बदललेली वरुणा दुसऱ्या वाणाशी संकरित केली की प्रत्येक ठिकाणी एक मोडकी आणि एक चालू प्रत येते. त्या संकराचं बी पुन्हा पेरलं, तर एका ठिकाणी दोन्ही मोडक्या येण्याची शक्यता चारात एक. दहा ठिकाणं स्वतंत्रपणे वाटली जातात असं धरलं, तर दहाही एकाच झाडात मोडकी मिळायला साडेदहा लाखांत एखादं झाड. परागकणापासून थेट दुप्पट केलेली रोपं वाढवली तर हिशेब १,०२४ मध्ये एकावर येतो. खर्चीक, पण आटोक्यातला. नाहीतर त्या दुसऱ्या वाणावरच क्रिस्पर नव्याने चालवावं. तसं करताना आधी त्या वाणाच्या बाराही प्रती वाचून घ्याव्या लागतात, कारण वीस अक्षरांच्या पत्त्यातलं, विशेषतः त्याच्या टोकाकडचं, एक अक्षर त्या वाणात वेगळं निघालं तरी ती प्रत घावातून सुटण्याचा संभव असतो, आणि सुटलेली एक चालू प्रतही दाण्यात ग्लुकोसिनोलेट पोचवत राहू शकते.